रकाने वाढतात, शेजार हरवतो

1950 साली अमेरिकेच्या हवाई दलानं आपल्या हजारो वैमानिकांची शरीरं टेपनं मोजून घेतली. विमानांचे अपघात वाढले होते, आणि कॉकपिट ज्या मापांवर बेतलं होतं ती मापं जुनी झाली असावीत अशी शंका होती. ओहायोतल्या राइट तळावर या कामात गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. सगळे जण नव्या सरासरीची वाट पाहत होते, तेव्हा त्याला वेगळाच प्रश्न पडला: ज्याच्यासाठी हे कॉकपिट बनवायचं, तो सरासरी वैमानिक या गर्दीत आहे तरी का?

त्यानं 4063 वैमानिकांची आकडेवारी घेतली आणि चाळणी लावली. नेमकी सरासरी उंची असलेला माणूस शोधायचा नव्हता. सरासरीच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी मोकळा पट्टा ठेवला होता. त्यात बसला की माणूस ‘सरासरी’ ठरला. उंचीच्या चाळणीतून 1055 जण खाली उतरले, म्हणजे साधारण चारांत एक. या 1055 जणांपैकी छातीचा घेरही सरासरी असलेले 302 निघाले. त्यातून बाहीच्या लांबीत बसणारे 143. पुढं प्रत्येक मापागणिक आकडा उतरत गेला: 73, 28, 12, 6, 3, 2. दहाव्या मापाला चाळणीत कुणीच उरलं नाही. चार हजारांवर धडधाकट, एकाच नोकरीसाठी निवडलेली, बहुतेक एकाच वयोगटातली माणसं. आणि दहाही मापांत सरासरी असलेला त्यात एकही नव्हता.

डॅनियल्सनं 1952 मध्ये हे अहवालात मांडलं. हवाई दलानं सरासरी माणसासाठी आसन बनवण्याचा नाद सोडला आणि मागं-पुढं सरकणारी आसनं, कमी-जास्त करता येणारे पट्टे यांचा आग्रह धरला. ही गोष्ट बहुधा ‘सरासरी माणूस नसतोच’ हे सांगायला वापरली जाते. तिच्या पोटात मात्र गणिताची एक गोष्ट आहे आणि ती वैमानिकांपुरती नाही. एखाद्या वस्तूबद्दल आपण जितक्या जास्त गोष्टी नोंदवतो, तितकी ती वस्तू एकटी पडत जाते.

या घटनेला नाव मिळालं तेही त्याच दशकात आणि हवाई दलाच्याच परिघात. रिचर्ड बेलमन हा गणिती तेव्हा कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेत काम करत होता. रँडचा मोठा आश्रयदाता होतं हवाई दल. टप्प्याटप्प्यानं घ्यायच्या निर्णयांतला सर्वोत्तम मार्ग शोधण्याची एक पद्धत बेलमननं उभी केली. पद्धत सुरेख होती, पण तिला प्रत्येक संभाव्य स्थितीची नोंद ठेवावी लागे. समजा, आकाशातल्या एखाद्या यानाची स्थिती सांगायची आहे. तीन आकडे त्याच्या जागेचे, तीन वेगाचे, असे सहा आकडे लागतात. प्रत्येक आकड्याचे फक्त शंभर टप्पे धरले तरी शंभर गुणिले शंभर असं सहा वेळा करावं लागतं. उत्तर येतं एक लाख कोटी. त्या काळच्या संगणकांची स्मृती हजारांत मोजली जायची. 1957 च्या आपल्या पुस्तकात बेलमननं या अडचणीला ‘मितींचा शाप’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

मिती या शब्दानं बिचकायचं कारण नाही. इथं मिती म्हणजे वहीतला एक रकाना. माणसाची उंची हा एक रकाना, वजन दुसरा, वय तिसरा. दोन रकाने असतील तर प्रत्येक माणूस आलेखाच्या कागदावर एका ठिपक्यानं दाखवता येतो. तीन असतील तर खोलीतल्या हवेत टांगता येतो. दहा रकान्यांचं चित्र डोळ्यांपुढं येत नाही, पण हिशोब तोच चालतो आणि चकवतो तो इथंच.

शापाची पहिली बाजू म्हणजे रिकामेपण. दहा प्रश्नांची एक प्रश्नावली घ्या. प्रत्येक प्रश्नाला दहा पर्याय. उत्तरांचे किती वेगवेगळे संच होतील? एकावर दहा शून्यं, म्हणजे एक हजार कोटी. प्रत्येक संचाचा एक कप्पा केला आणि भारताच्या सुमारे 140 कोटी लोकांना आपापल्या कप्प्यात उभं केलं, तर प्रत्येक जण वेगळ्या कप्प्यात गेला तरीही दर सातांतले सहा कप्पे ओस राहतील. आणखी दोन प्रश्न वाढवले की कप्पे होतात एक लाख कोटी, आणि सातशे कप्प्यांमागं एक माणूस सापडतो. देश तोच, गर्दी तीच. आपण फक्त दोन प्रश्न जास्त विचारले.

याचा थेट फटका बसतो तो ‘शेजार’ या कल्पनेला. 1951 साली एव्हलिन फिक्स आणि जोसेफ हॉजेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, पुन्हा अमेरिकी हवाई दलाच्याच वैद्यकीय शाळेसाठी लिहिलेल्या अहवालात, एक साधी पद्धत मांडली. नवी वस्तू कुठल्या गटातली हे ठरवायचं असेल तर जुन्या नोंदींतले तिचे सगळ्यात जवळचे शेजारी पाहा. ते ज्या गटाचे, ती त्या गटाची. आपणही हेच करतो. जुन्या फ्लॅटची किंमत सांगताना दलाल त्याच भागात, तेवढ्याच आकाराच्या फ्लॅटचा मागच्या महिन्यातला व्यवहार आठवतो. आज ऑनलाइन दुकानं ‘तुमच्यासारख्या ग्राहकांनी हेही घेतलं’ म्हणतात, तेव्हा त्यामागं बरेचदा हाच शेजारधर्म असतो.

शेजारधर्म पाळायचा तर शेजारी जवळ असायला हवेत. समजा, सगळे आकडे आपण 0 ते 1 या पट्टीवर आणले आणि माणसं त्या पट्टीवर सारखी विखुरलेली आहेत. माझ्याभोवतीची एक टक्का माणसं मला शेजारी म्हणून हवी आहेत. एकच रकाना असेल तर पट्टीचा शंभरावा भाग पुरतो. माझ्या उंचीच्या आसपासची माणसं खरंच माझ्याच उंचीची असतात. दोन रकाने झाले की प्रत्येक पट्टीचा दहावा भाग घ्यावा लागतो, कारण दहाव्याचा दहावा म्हणजे शंभरावा. इथवर ठीक आहे. दहा रकाने झाले की तीच एक टक्का माणसं गोळा करायला प्रत्येक पट्टीचा 63 टक्के भाग व्यापावा लागतो. उंचीच्या पट्टीवर 63 टक्के म्हणजे बुटक्यांपासून जवळपास ताडमाडांपर्यंत सगळे आले. यांना शेजारी कशाला म्हणायचं? गल्लीतल्या चार घरांना हाक मारायला गेलो आणि अर्ध्याहून अधिक गाव दारात आलं, तशी ही गत आहे.

दुसरं चित्र शेताचं घ्या. चौकोनी शेताची बाजू शंभर फूट आहे आणि चारही बांधांलगत पाच-पाच फुटांची पट्टी सोडली आहे. मधलं शेत नव्वद फूट गुणिले नव्वद फूट, म्हणजे 81 टक्के. पट्टीत गेलं 19 टक्के. तिसरी मिती जोडून त्याची खोली केली तर भिंती, जमीन आणि छतालगतच्या थरात 27 टक्के जागा जाते. दहा मितींत 65 टक्के. पन्नास मितींत 99.5 टक्के. शेतात ठिपके कितीही सारखे पेरले तरी बहुतेक सगळे बांधावर उगवतात. मध्ये शेत उरतच नाही. अर्थ एवढाच, की पन्नास गोष्टी मोजल्या तर जवळपास प्रत्येक जण कशात ना कशात टोकाचा असतो. डॅनियल्सची चाळणी रिकामी राहिली ती याचमुळं. सरासरी हा मधला भाग, आणि त्या मधल्या भागात उभं राहायला कुणी नव्हतं.

इथवरच्या गोष्टी मनाला पटतात तरी. अंतरांची गोष्ट मात्र हातानं करून पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि ती घरच्या संगणकावर करता येते. एक्सेल उघडा. `A1` पासून `B100` पर्यंतच्या सगळ्या घरांत `=RAND()` भरा. `A` हा उभा स्तंभ म्हणजे एक ठिपका, `B` म्हणजे दुसरा, आणि आडवी प्रत्येक ओळ म्हणजे एक मिती. आता बाजूच्या दोन मोकळ्या घरांत ही दोन सूत्रं लिहा:

```
=SQRT(SUMXMY2(A1:A2,B1:B2))
=SQRT(SUMXMY2(A1:A100,B1:B100))
```

शाळेतला पायथागोरसच आहे हा. प्रत्येक मितीतल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. पहिलं सूत्र दोन मितींतलं अंतर सांगतं, दुसरं शंभर मितींतलं. आता `F9` दाबत राहा. दर वेळी सगळे आकडे बदलतील, म्हणजे दर वेळी दोन नवे ठिपके मिळतील. वरचं उत्तर सैरावैरा उड्या मारेल: 0.12, मग 0.87, मग 0.4. कधी ठिपके एकमेकांना चिकटलेले, कधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लांब. खालचं उत्तर मात्र 4 च्या आसपास खिळून बसेल. 3.9, 4.2, 4.1, 3.8. कितीही वेळा दाबा, क्वचितच ते 3.6 च्या खाली किंवा 4.6 च्या वर जाईल. शंभर मितींत कुठलेही दोन ठिपके घ्या, त्यांच्यातलं अंतर जवळपास ठरलेलं असतं.

असं का होतं हे नाणेफेकीवरून कळतं. नाणं चारदा उडवलं तर चारही वेळा छापा पडणं अगदीच दुर्मीळ नाही. सोळांत एकदा पडतो. शंभरदा उडवलं तर छापे चाळीस ते साठच्या बाहेर सहसा जात नाहीत. उडवणं जितकं वाढतं तितके नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. अंतराचंही तेच आहे. एका मितीत दोन ठिपके योगायोगानं जवळ आले, तर दुसरीत लांब जातात. शंभर फरकांच्या बेरजेत सगळ्यांचा वाटा सारखाच येतो. दोन ठिपके सर्वच्या सर्व शंभर मितींत एकमेकांजवळ येणं म्हणजे शंभर फेकींत शंभर छापे.

आकड्यांत पाहिलं तर यातली खोच आणखी स्पष्ट होते. दोन मितींत सरासरी अंतर 0.52 असतं, शंभर मितींत 4.08, हजार मितींत 12.9. अंतर वाढतच जातं. अंतरातला चढउतार मात्र तिन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच राहतो, सरासरीच्या आजूबाजूला पाव एककाएवढा. अर्ध्यात पाव म्हणजे मोठी उलथापालथ. तेरात पाव म्हणजे काहीच नाही.

म्हणूनच ‘सगळ्यात जवळचा’ हा मान पोकळ होतो. दोन मितींच्या चौकोनात हजार ठिपके टाका आणि मधोमध उभे राहा. सर्वांत जवळचा ठिपका साधारण 0.016 वर असेल आणि सर्वांत लांबचा 0.7 च्या आसपास. लांबचा जवळच्याच्या चाळीसपट दूर. हेच हजार ठिपके हजार मितींत टाका आणि मधोमध नव्हे, तर त्यांच्यातल्याच एखाद्या ठिपक्यावर उभे राहा. तुमच्यापासून सर्वांत जवळचा असेल 12.2 वर आणि सर्वांत लांबचा 13.6 वर. शेजारच्या घरापर्यंत 12.2 किलोमीटर आणि गावच्या वेशीपर्यंत 13.6 किलोमीटर, अशा गावात शेजारी कोण हा प्रश्नच गैरलागू ठरतो. 1999 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बेयर, गोल्डस्टीन, रामकृष्णन आणि शाफ्ट या चौघांनी नेमका हाच प्रश्न शीर्षकात घेऊन निबंध लिहिला: जवळच्या शेजाऱ्याला अर्थ केव्हा असतो? त्यांनी दाखवलं की बऱ्याच व्यापक परिस्थितींत मिती वाढवल्या की जवळच्या आणि लांबच्या अंतरांचं गुणोत्तर 1 कडे सरकत जातं, आणि त्यासाठी हजार मिती लागत नाहीत. दहा-पंधरा मितींतही हा परिणाम दिसू लागतो. संगणक मात्र तक्रार करत नाही. जवळचा शेजारी दे म्हटलं की तो कुणाला तरी काढून देतोच, आणि उत्तर दशांश चिन्हापुढं चार आकडे घेऊन ऐटीत येतं.

यात सर्वांत जास्त नुकसान करतात ते बिनकामाचे रकाने. फ्लॅटच्या किमतीचंच उदाहरण पुढं नेऊ. किंमत दोनच गोष्टींवर ठरते असं धरू: क्षेत्रफळ आणि स्टेशनपासूनचं अंतर. दोन्ही 0 ते 1 च्या पट्टीवर आणले आहेत. आपल्याला ज्याची किंमत काढायची आहे त्याच्याशी फ्लॅट ‘अ’ दोन्ही बाबतींत हुबेहूब जुळतो. फ्लॅट ‘ब’ दोन्हींत 0.7 नं वेगळा आहे. म्हणजे आपला मोठा आणि स्टेशनजवळचा असेल, तर हा लहान आणि आडबाजूचा. पायथागोरसच्या हिशोबात ‘अ’चा फरक 0 आणि ‘ब’चा 0.49 अधिक 0.49, म्हणजे 0.98. निवाडा स्वच्छ आहे, ‘अ’ जवळचा.

आता कुणी उत्साही माणूस म्हणाला, माहिती जास्त तर अंदाज चांगला. त्यानं आणखी 98 रकाने भरले: फ्लॅट क्रमांकाचा शेवटचा अंक, मालकाची जन्मतारीख, सोसायटीच्या नावातली अक्षरं, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक. किमतीशी यातल्या कशाचाच संबंध नाही. पण अंतराच्या सूत्राला ते ठाऊक नसतं. ते सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतं. असा प्रत्येक रकाना बेरजेत सरासरी एक षष्ठांश घालतो. 98 रकान्यांचे झाले सोळाच्या वर, ‘अ’लाही आणि ‘ब’लाही. सोळा दोघांनाही सारखेच मिळाले असते तर बिघडलं नसतं. पण ते नेमके सारखे नसतात. या निरर्थक बेरजांत दोघांमध्ये अडीचच्या आसपास फरक पडणं अगदी नेहमीचं, आणि आपला खरा पुरावा होता 0.98 चा. हिशोब केला तर दर तीन वेळांत एकदा तरी ‘ब’ हा ‘अ’पेक्षा जवळचा निघतो. आडबाजूचा लहान फ्लॅट मध्यवस्तीतल्या मोठ्या फ्लॅटचा जुळा भाऊ ठरतो, कारण दोघांच्या मालकांच्या जन्मतारखा जुळल्या. अठ्ठ्याण्णवऐवजी आठच फालतू रकाने असते तरी दहा-बारा वेळांत एकदा हीच चूक झाली असती. माहिती वाढवून अंदाज बिघडतो तो असा. खरी माहिती वहीत जशीच्या तशी असते, तिचा आवाज तेवढा गोंगाटात बुडतो.

मग नोंदी वाढवाव्यात का? एक रकाना वाढला तर पूर्वीइतकीच दाटी राखायला नोंदी दहापट हव्यात, आणखी एक वाढला तर शंभरपट. रकाना जोडायला एक मिनिट लागतं. दहापट व्यवहार घडायला शहराला कित्येक वर्षं लागतील. या शर्यतीत नोंदींनी जिंकण्याची शक्यता नाही.

हे सगळं वाचून कुणालाही प्रश्न पडेल, की मग शेकडो रकान्यांवर चालणाऱ्या पद्धती जगात चालतात तरी कशा? हाती लिहिलेले इंग्रजी अंक ओळखण्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे. प्रत्येक अंकाचं चित्र 28 गुणिले 28, म्हणजे 784 बारीक चौकोनांचं. म्हणजे 784 मिती. शिकायला साठ हजार चित्रं आणि परीक्षेला दहा हजार. इथं जवळचा शेजारी पाहण्याची तीच जुनी पद्धत जशीच्या तशी लावली तरी सुमारे 97 टक्के अंक बरोबर ओळखले जातात. शाप खरा असता तर हे व्हायला नको होतं.

उत्तर पुन्हा डॅनियल्सच्या आकड्यांतच आहे. प्रत्येक चाळणीतून चौथा हिस्सा खाली येतो असं धरा. मापं एकमेकांशी अजिबात संबंधित नसती तर चार चाळण्यांनंतर 4063 मधले सोळाच वैमानिक उरायला हवे होते. प्रत्यक्षात उरले 73. सहा चाळण्यांनंतर जेमतेम एक उरायला हवा होता, उरले 12. सुरुवातीला चारांत एक टिकत होता, पुढं दोनांत एक टिकू लागला. कारण उघड आहे. ज्याची उंची सरासरी त्याची बाहीही बरेचदा सरासरीच असते. कंबर आणि नितंबाचे घेर एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. दहा मापं होती, पण दहा स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. वैमानिकांची गर्दी दहा मितींच्या पोकळीत पसरलेली नव्हती. ती त्या पोकळीतल्या एका अरुंद वाटेवर होती. तरीही शेवटी शून्यच उरलं, कारण वाट अरुंद असली तरी एकेरी नव्हती.

अंकांच्या चित्रांत ही वाट आणखी अरुंद आहे. 784 चौकोन नाणं उडवून काळे-पांढरे करत बसलात, तर जन्मभरात एकही 5 उमटणार नाही. दर वेळी नुसते मुंग्यांसारखे ठिपके. माणसाचा हात 5 काढताना फार थोड्या गोष्टी बदलतो: कल, जाडी, पोटाचा गोलवा, वरच्या रेघेची लांबी. खऱ्या अर्थानं मोकळ्या अशा मिती डझनाच्या आसपास भरतात, असे अंदाज आहेत. 784 हा रकान्यांचा आकडा आहे; शाप लागतो तो डझनाला. आणि डझनभर मितींना साठ हजार नोंदी पुरतात, कारण दहाच अंक वेगळे काढायचे असतात आणि प्रत्येक अंकाचे पुंजकेही वेगवेगळे असतात.

फ्लॅटच्या उदाहरणातले 98 रकाने आणि इथले 784 चौकोन यांत हाच भेद आहे. चौकोन एकमेकांशी बोलतात; शेजारचा काळा असेल तर हाही बहुधा काळा. जन्मतारीख आणि ग्राहक क्रमांक एकमेकांशी बोलत नाहीत आणि किमतीशीही नाही. म्हणून शापावरचे सगळे उतारे एकाच दिशेनं जातात: खरोखर मोकळ्या मिती किती ते शोधा आणि बाकीच्या मिटवा. सर्वांत जुना उतारा कार्ल पिअरसननं 1901 मध्ये सांगितला. ठिपक्यांचा ढग कुठल्या दिशांना सर्वांत जास्त पसरला आहे ते पाहायचं, तेवढ्याच दिशा ठेवायच्या आणि बाकीच्या सपाट करायच्या. पण याला मर्यादा आहे. सर्वांत जास्त पसरलेली दिशा म्हणजे सर्वांत कामाची दिशा, असं दर वेळी नसतं. ढगाला किंमत माहीत नसते. दुसरा उतारा दलालाचा. वर्षानुवर्षांच्या अनुभवानं त्याला ठाऊक असतं की क्षेत्रफळ, ठिकाण आणि इमारतीचं वय विचारायचं, मालकाची जन्मतारीख नाही. रकाने निवडण्याची ही अक्कल सूत्रात नसते, ती विषय जाणणाऱ्याकडं असते.

आपल्याला शाप लागला आहे की नाही हे ओळखायला मोठं गणित लागत नाही. हाताशी नोंदी असतील तर त्यातली कुठलीही एक घ्या आणि तिच्यापासून बाकी सगळ्यांची अंतरं काढा. सर्वांत जवळच्या अंतराला सरासरी अंतरानं भागा. असं वीस-पंचवीस नोंदींसाठी करा. उत्तरं 0.1, 0.2 अशी येत असतील तर शेजार शाबूत आहे. 0.9 च्या पुढं येत असतील तर जवळचा आणि कुणीही एक यांत फरक उरलेला नाही, आणि त्या शेजारावर उभं केलेलं भाकीतही कुणाही एकाचं भाकीत आहे. मग रकाने एकेक करून काढा आणि अंदाज सुधारतो का ते वेगळ्या ठेवलेल्या नोंदींवर तपासा. ज्या नोंदी पाहून रकाने निवडले त्याच नोंदींवर तपासलंत तर शेकडो रकान्यांतला कुठला तरी एक योगायोगानं बरोबर निघतोच, आणि तुम्ही फसता.

आणि एवढं करायची सोय नसेल, समोर फक्त यंत्रानं काढलेला ‘तुमच्याशी सर्वांत जुळणारा’ असा निकाल असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा: जवळचा किती जवळ आहे ते कळलं, पण सगळ्यात लांबचा किती लांब आहे? दुसरा आकडा मिळत नसेल, तर पहिल्यावर विसंबू नका.